एका क्रोशे सशाचं लिस्टिंग: डोळे, भरण आणि धुलाईची परीक्षा

माझ्या ओळखीच्या एक ताई क्रोशेची खेळणी विणून ऑनलाइन विकतात. त्यांचा सगळ्यात जास्त खपणारा नग म्हणजे लाल जाकीट घातलेला, बसलेला पांढुरका ससा. त्याचं लिस्टिंग असं होतं: ‘हाताने विणलेला गोंडस ससा. मऊ लोकर. उंची १० इंच. आत फायबर. सेफ्टी आय. धुता येतो.’ बहुतेकांची लिस्टिंग साधारण अशीच असतात, आणि फोटो चांगले असले की मालही जातो.

मग एका गिऱ्हाईक बाईंचा मेसेज आला. त्यांची भाची आठ महिन्यांची होती आणि हाताला लागेल ते तोंडात घालत होती. ससा तिला दिला तर चालेल का, आणि लाळेने खराब झाला की मशीनमध्ये टाकता येईल का, असं त्यांनी विचारलं होतं. ताईंनी तो मेसेज मला पाठवला. ‘हो’ म्हणावं असं त्यांना वाटत होतं, पण बोट पुढे सरकत नव्हतं. आम्ही ठरवलं की विकायला तयार असलेला एक ससा घ्यायचा आणि लिस्टिंगमधलं एकेक वाक्य त्याच्यावर तपासून बघायचं. त्यासाठी ससा उसवावा लागला तरी चालेल.

सुरुवात धाग्यापासून केली. आपल्याकडे विणकामाच्या कुठल्याही धाग्याला सर्रास लोकर म्हणतात, त्यामुळे ‘मऊ लोकर’ वाचून कुणी मेंढीची लोकर समजलं तर त्याची चूक नाही. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते आणि घट्ट होऊन बसते, अ‍ॅक्रिलिकला तसं काही होत नाही. म्हणजे घेणाऱ्याने कसं धुवावं हे या एका शब्दावर ठरतं. ताईंना स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं, कारण गुंडीवरची कागदी पट्टी कधीच फेकून दिली होती.

अशा वेळी जाळून बघण्याची जुनी चाचणी कामाला येते. बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवायचा, शेजारी पाणी ठेवायचं. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मागे मऊ करडी राख राहते. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि ती ज्योत काढली की सहसा विझते. अ‍ॅक्रिलिक वितळत जळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला न चुरडणारा काळा मणी बनतो. सशाच्या अंगाच्या धाग्याने दोन्ही गुण दाखवले: कागदाचा वास आणि राख, पण राखेत टणक काळे कण. म्हणजे सुती आणि अ‍ॅक्रिलिकचं मिश्रण. यावरून जात कळते, टक्के कळत नाहीत. ते धागा देणाऱ्याकडून मागवले तेव्हा ६० टक्के सुती आणि ४० टक्के अ‍ॅक्रिलिक असं उत्तर आलं. बाजारात मिल्क कॉटन नावाने जे धागे मिळतात त्यांत असं मिश्रण बऱ्याचदा असतं. जाकिटाचा लाल धागा मात्र निव्वळ सुती निघाला.

या माहितीतून धुण्याबद्दलच्या दोन गोष्टी लगेच ठरल्या. अ‍ॅक्रिलिक आहे म्हणून इस्त्री, वाफ आणि कडक गरम ड्रायर बाद, कारण उष्णतेने त्याचा तंतू मऊ पडतो आणि वीण कायमची ढिली, लोंबती होते. सुती भाग जास्त आहे म्हणून ससा पाणी भरपूर पिणार, जड होणार आणि वाळायला वेळ घेणार.

आता उंची. १० इंच हे माप कान वर ओढून धरल्यावरचं होतं. टेबलावर बसवून मोजला तर बुडापासून डोक्यापर्यंत ससा १८ सेंटिमीटर भरला आणि कानांसकट २६. कान तर नेहमी खालीच पडलेले असतात. फोटोत शेजारी काहीच ठेवलेलं नसल्याने घेणाऱ्याच्या मनात दीड पट मोठा ससा तयार होतो. बसलेल्या खेळण्याचं माप बसलेलंच द्यावं आणि कान वेगळे सांगावेत. यात फार खल करण्यासारखं काही नाही.

आत काय होतं

पाठीची शिवण उसवली. डोक्यात आणि पोटात पांढरं पॉलिएस्टर फायबर होतं, तेही चांगल्या प्रतीचं, फुललेलं. पण पोटाच्या तळाशी हाताला एक पुरचुंडी लागली. मोज्याच्या तुकड्यात बांधलेले प्लॅस्टिकचे बारीक दाणे. ससा नीट बसावा म्हणून ताई ते घालत होत्या. पायांच्या टोकांना फायबरऐवजी उरलेल्या धाग्यांचे तुकडे कोंबलेले होते, म्हणजे पाय टणक राहतात आणि तुकडे वायाही जात नाहीत. विणणाऱ्या बऱ्याच जणी हे करतात. लिस्टिंगमध्ये मात्र यातल्या कशाचाच उल्लेख नव्हता.

दाण्यांची अडचण उघड आहे. शिवण सुटली किंवा मोजा फाटला की बाळाच्या हातात दाणे येतात, आणि एक दाणा श्वासनलिकेत जायला पुरेसा असतो. धाग्यांच्या तुकड्यांची अडचण पटकन दिसत नाही, म्हणून आम्ही एक पाय तसाच पुन्हा शिवला आणि कोमट पाण्यात बुडवून ठेवला. तासाभराने पाय पिळला तर पांढुरक्या विणीवर गुलाबी ठिपके उमटले होते. आतल्या तुकड्यांत जाकिटाचाच लाल धागा होता आणि त्याने रंग सोडला होता. वरचा रंग कितीही पक्का असला तरी आतला कच्चा रंग बाहेर येतो, आणि तो धुऊन काढायला हात आतपर्यंत पोहोचत नाही.

उपाय दोन निघाले. भरणात फक्त फायबर, सगळीकडे. आणि दाण्यांऐवजी बुडाची रचना बदलायची. बुडाचा गोल विणून झाला की पुढची एक ओळ फक्त टाक्याच्या मागच्या दोऱ्यातून मुका खांब घेत घालायची. त्यामुळे तिथे एक धार तयार होते, बूड सपाट राहतं आणि ससा वजनाशिवाय बसतो. डोकं पूर्वीइतकं जड भरलं तर तो पुढे कलंडतो, म्हणून डोक्यात फायबर जरा हलक्या हाताने आणि मानेत घट्ट भरावं लागलं.

डोळे

या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ डोळ्यांवर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

सशाला ९ मिलिमीटरचे काळे प्लॅस्टिकचे डोळे होते, लिस्टिंगमधले ‘सेफ्टी आय’ ते हेच. या डोळ्याच्या मागे खाचा असलेली दांडी असते. ती विणीतून आत घालायची आणि आतून वॉशर दाबून बसवायचा. वॉशर खाचांवर अडकला की परत निघत नाही. ताईंनी मला तेच दाखवलं: वॉशर हाताने ओढून बघा, निघणारच नाही. ते अगदी खरं होतं. पण बाळ वॉशर ओढत नाही, ते बाहेरून डोळा चावतं आणि ओढतं. त्या वेळी जोर येतो विणीवर. हे डोळे मुळात कापडाच्या खेळण्यांतही वापरतात, आणि घट्ट कापडात दांडीपुरतंच भोक असतं. क्रोशेच्या विणीत प्रत्येक टाक्याशेजारी मोकळी जागा असते आणि टाका स्वतःही ताणला जातो.

युरोपच्या ईएन ७१ या खेळण्यांच्या मानकाच्या पहिल्या भागात अशा भागांसाठी ओढ-चाचणी दिलेली आहे. पकडता येणाऱ्या भागाचं मोठ्यात मोठं माप ६ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ९० न्यूटन, नाहीतर ५० न्यूटन इतका जोर हळूहळू लावायचा आणि १० सेकंद धरून ठेवायचा. ९० न्यूटन म्हणजे साधारण सव्वानऊ किलो वजन टांगल्याइतकी ओढ. घरी प्रयोगशाळेसारखी पकड मिळत नाही, पण प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकचा काटा असतो. आम्ही मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा फास करून तो डोळ्याच्या कडेखाली, विणीला लागून आवळला. ससा टेबलाच्या कडेला दाबून धरला आणि काटा हळूहळू वर ओढला.

४ किलोपर्यंत काहीच झालं नाही, फक्त चेहरा पुढे ताणला गेला. ५ किलोच्या आसपास डोळ्याभोवतीचे टाके लांबट झाले आणि मधून वॉशरची पांढरी कड दिसू लागली. ६ किलोला डोळा एका बाजूला कलला, वॉशरची एक कड फटीतून बाहेर आली आणि मागोमाग अख्खा डोळा वॉशरसकट निघाला. वॉशर दांडीवर जसाच्या तसा घट्ट होता. टाका एकही तुटला नव्हता. हाताने विणीला जरा चोळलं तर भोकसुद्धा मिटून गेलं. म्हणूनच ही खोट विणणाऱ्याच्या लक्षात येत नाही: सुटण्याआधी कुठलीही खूण दिसत नाही, सुटल्यावरही फारशी राहत नाही.

निघालेला डोळा गिळण्याच्या मापाचा आहे का, हे बघायलाही एक ठरलेलं साधन आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाची, तळ तिरपा असलेली नळी. तळ तिरपा असल्याने तिची खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर असते. जो तुकडा न दाबता तिच्यात पूर्ण मावतो तो लहान मुलाच्या दृष्टीने घशात अडकण्याजोगा धरतात. आमचा डोळा वॉशरसकट त्यात आरामात मावण्याइतका लहान होता. १२ किंवा १५ मिलिमीटरचे डोळे घेतले तरी ते त्या नळीत मावतातच, म्हणून मोठा डोळा हा यावरचा उपाय नव्हे.

वीण एवढी उघडली का, याचं कारण सुईत होतं. धागा मध्यम जाडीचा होता आणि ताई ३.५ मिलिमीटरच्या सुईने विणत होत्या. काम लवकर होतं आणि अंग मऊ लागतं, पण उजेडासमोर धरलं की टाक्यांमधून आतलं फायबर पांढरं दिसतं. मी तर म्हणेन की हीच सगळ्यात सोपी परीक्षा: भरलेल्या खेळण्याचा गाल बोटांनी ताणावा, भरण दिसलं तर ती वीण कुठलाही डोळा धरायला नालायक आहे. त्याच धाग्याने २.५ मिलिमीटरच्या सुईने नमुना विणला तेव्हा इंचात ५ ऐवजी ६ टाके बसले आणि फायबर दिसेनासं झालं. या घट्ट नमुन्यावर, आतून जाड फेल्टची चकती लावून तोच डोळा बसवला, तर तो काट्यावर १० किलोलाही टिकला.

इथे ताईंना वाटलं की प्रश्न सुटला. मला तसं वाटत नव्हतं. घरगुती काटा नापास नक्की सांगू शकतो, पास सांगू शकत नाही. मानकात ओढण्याबरोबर पिळण्याचीही चाचणी आहे, आणि ती प्रयोगशाळेतच होते. शिवाय एक नमुना टिकला म्हणून हाताने विणलेला प्रत्येक ससा टिकेल असं नाही. दमलेल्या संध्याकाळी विणलेली एखादी ओळ ढिली असतेच.

मग ताई म्हणाल्या, ‘३ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असं लिहून टाकू का? बरेच विक्रेते तेच करतात. पण युरोपच्या नियमांत अशा इशाऱ्याची मर्यादा स्पष्ट आहे. कवटाळायला, कुशीत घ्यायला केलेलं साधं मऊ खेळणं हे ३ वर्षांखालच्या मुलांसाठीच आहे असं धरलं जातं, मग वर काहीही लिहिलेलं असो. मला यात कायद्याइतकंच साधं शहाणपणही दिसतं. मऊ ससा घेणारी माणसं तो बहुतेक वेळा तान्ह्या बाळाला किंवा रांगत्या मुलालाच देतात. इशारा वाचून कुणी तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवणार नाही.

त्यामुळे या सशाला प्लॅस्टिकचे डोळे नकोतच, असा निर्णय झाला. डोळे भरतकामाचे. तेही नीट करावे लागतात. मोठा गोल लांब लांब टाक्यांनी भरला तर बाळाची नखं त्यात अडकतात आणि दोरा वर उचलला जातो, म्हणून टाके आखूड आणि एकमेकांना चिकटून घ्यायचे. डोकं भरण्याआधीच, आतून हात घालता येतो तेव्हा, डोळे भरायचे. दोऱ्याची टोकं आत गाठ मारून दोन-तीन टाक्यांतून उलटसुलट ओवून टाकायची. काळा दोरा पांढुरक्या चेहऱ्यावर येणार, म्हणून आधी ओल्या पांढऱ्या सुती फडक्याने तो चांगला घासून बघायचा. पहिला आणलेला दोरा फडक्यावर करडा उतरला, तो बाजूला ठेवला. दुसरा स्वच्छ राहिला. लाल जाकिटाचा धागाही याच परीक्षेत नापास झाला. तो वारंवार धुऊन पाणी निवळवण्यापेक्षा वेगळा धागा घेणं बरं, असं ठरवून जाकीट अंगाच्याच जातीच्या फिकट निळ्या धाग्यात विणलं.

गिऱ्हाईक बाईंना ताईंनी स्वच्छ कळवलं की आत्ताचा ससा बाळासाठी योग्य नाही, डोळे बदलून नवीन करते आहे, आणि १२ महिन्यांखालच्या बाळाच्या झोपायच्या जागी कुठलंच मऊ खेळणं ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाई नाराज झाल्या नाहीत. त्यांनी नव्या सशासाठी थांबायचं कबूल केलं.

धुऊन बघणं

‘धुता येतो’ हे वाक्य लिहायचा हक्क धुतल्यावरच मिळतो. नवा ससा तयार झाल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला: ९४ ग्रॅम. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून तो हाताने दाबत धुतला, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढला, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला. पिळला नाही, कारण पिळलं की आतलं फायबर एका बाजूला सरकून गोळा होतं. टॉवेलमधून काढल्यावर वजन १७१ ग्रॅम होतं.

मग तो जाळीवर आडवा वाळत घातला आणि अधूनमधून उलटला. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला पूर्ण कोरडा लागत होता. कुणीही तो मुलाच्या हाती दिला असता. काट्यावर मात्र ११३ ग्रॅम भरले, म्हणजे जवळजवळ २० ग्रॅम पाणी अजून पोटात होतं. असाच ओलावा आत राहून कुबट वास येतो आणि बुरशी धरते. तिसऱ्या दिवशी वजन ९५ वर आलं तेव्हा ससा वाळला असं म्हणता आलं. हवेतल्या दमटपणाने एखादा ग्रॅम इकडेतिकडे होतोच. म्हणून कोरडं वजन लिस्टिंगमध्ये देण्याची कल्पना मला फार आवडली. घेणाऱ्याला आतलं बघता येत नाही, पण काट्यावर ठेवता येतं.

जुना ससा एका कानाला चिमटा लावून टांगून वाळवला होता, तर पाण्याच्या भाराने तो कान दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब झाला. म्हणून ‘टांगू नये’ हे लिहिणं आवश्यक ठरलं.

मशीनचाही प्रयोग केला. दुसरा एक नवा ससा उशीच्या अभ्र्यात बांधून, ३० अंश पाण्यात, हळुवार चक्रावर धुतला. डोळे आणि शिवणी शाबूत राहिल्या. पण मान ढिली पडली, डोकं एका बाजूला झुकलं आणि पोटावर धाग्याच्या बारीक गोळ्या आल्या. फाटला नाही, तरी विकलेला तो ससा हा नव्हे. ताईंनी मशीनचा पर्याय लिस्टिंगमध्ये ठेवला नाही.

नवं लिस्टिंग

सुई बदलल्याने मापंही बदलली होती. जुनाच नमुना, तेवढेच टाके, पण १८ सेंटिमीटरचा ससा १५ वर आला. ताईंना तो लहान वाटत होता आणि टाके वाढवावेसे वाटत होते. मी म्हटलं, आहे तेच माप प्रामाणिकपणे लिहू, आणि फोटोत प्रौढ माणसाच्या तळहातावर ससा ठेवू. शेवटी लिहिलं ते असं:

> हाताने विणलेला क्रोशे ससा, बसलेला. बसलेली उंची डोक्यापर्यंत १५ सेंटिमीटर, खाली पडणारे कान वर धरले तर सुमारे २१.५ सेंटिमीटर. हातकाम असल्याने अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. कोरडं वजन सुमारे ९४ ग्रॅम.
>
> धागा: अंग आणि जाकीट ६० टक्के सुती, ४० टक्के अ‍ॅक्रिलिक. मेंढीची लोकर नाही. घट्ट वीण.
>
> भरण: सगळीकडे फक्त नवीन पॉलिएस्टर फायबर. दाणे, वजनं, धाग्यांचे तुकडे, घुंगरू किंवा तार नाही.
>
> डोळे आणि नाक: सुती दोऱ्याचं भरतकाम. प्लॅस्टिकचा किंवा चिकटवलेला कुठलाही भाग नाही. जाकीट अंगाला शिवलेलं आहे, निघत नाही.
>
> धुणं: कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने दाबून धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. आडवा वाळवा, टांगू नका. हाताला कोरडा लागला तरी आत ओल असते. दोन-तीन दिवस लागतात. वजन पुन्हा ९४ ग्रॅमच्या आसपास आलं की वाळला समजा. मशीन, ड्रायर, इस्त्री नको.
>
> वेळोवेळी शिवणी तपासा. कुठे धागा सुटला किंवा भरण दिसलं तर खेळणं बाळाकडून काढून घ्या. १२ महिन्यांखालच्या बाळाच्या झोपायच्या जागी ठेवू नका.

ताईंना यात ‘बाळांसाठी १०० टक्के सुरक्षित’ हे शब्द घालायचे होते. ते मी काढायला लावले. ससा प्रयोगशाळेत तपासलेला नाही, मग तसं म्हणायला आधार नाही. वर लिहिलेली प्रत्येक गोष्ट मात्र हातात ससा घेऊन दाखवता येते. त्या जिथे विकतात तिथल्या नियमांनुसार खेळण्याला तपासणी किंवा खूण लागत असेल, तर ती वेगळी करून घ्यावी लागेल. लिस्टिंग कितीही नीट लिहिलं तरी ते त्या तपासणीची जागा घेत नाही.

आता ताई प्रत्येक नव्या धाग्याच्या गुंडीवरची पट्टी वहीत चिकटवतात. तिथेच सुईचा आकार, इंचातले टाके आणि कोरडं वजन लिहितात. रंगाची लॉट बदलली की ओल्या फडक्याची परीक्षा पुन्हा होते, कारण एकाच कंपनीचा, त्याच नंबरचा गडद रंग एका लॉटमध्ये पक्का आणि दुसऱ्यात कच्चा निघू शकतो. धाग्याची जात बदलली तर मात्र एक ससा पुन्हा धुऊन, वाळवून, वजन करून बघायचा, आणि तोवर जुनं लिस्टिंग बंद ठेवायचं.